मदत हवी आहे: मुंबईत वेल्डरची ट्रेड टेस्ट, एजंट आत्ताच १५ हजार मागतोय

खानापूरकर_वेल्डर: मी खानापूर तालुक्यातला, आयटीआय करून मच्छेच्या एका फॅक्टरीत ६ वर्षं टिग आणि आर्क करतोय. सौदीच्या पाईप वेल्डरसाठी शुक्रवारी मुंबईत इंटरव्ह्यू हाय. बेळगावातला एजंट म्हणतो आधी फाईल चार्ज १५ हजार फोनपे कर आणि ओरिजनल पासपोर्ट आणून दे, नाहीतर नाव कटतंय. व्हॉट्सअपवर लायसन्सचा फोटो पाठवलाय, तो नंबर emigrate.gov.in वर टाकला तर मुंबईची कंपनी खरीच निघाली. मग पैसे देऊ का? आणि टेस्टला काय विचारतात?

निपाणीचा_दादा: दहावी पास आहेस ना, मग पासपोर्ट ईसीएनआर असणार, तुला इमिग्रेशन क्लिअरन्सच लागत नाही. एजंट रजिस्टर असो नसो, काय फरक पडतोय.

चिकोडी_ताई: माझा भाचा नर्सिंग करून जर्मनीला चाललाय, त्याला भाषेची परीक्षा द्यावी लागली, तू अरबी शिकलायस का?

जुना_फोरमन: ताई, हा वेल्डर आहे ओ, याला हातानं जोड मारून दाखवायचाय.
दादा, क्लिअरन्सचं बरोबर, पण एजंटला लायसन्स लागतंच, तुझा पासपोर्ट कसलाही असू दे. मी १४ वर्षं गल्फमध्ये होतो. बाळा, लायसन्स खरं हाय पण हा माणूस त्या कंपनीचा हाय का, ते बघ. फोटो कुणीबी फॉरवर्ड करतंय. त्यानं दिलेल्या नंबरवर नको, साईटवर त्या कंपनीचा जो फोन हाय त्यावर कर आणि विचार, शुक्रवारी पाईप वेल्डरचा इंटरव्ह्यू हाय का, बेळगावात तुमचा माणूस हाय का. फी जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी, ती पण पावतीवर, कंपनीच्या खात्यात. इंटरव्ह्यूआधी कुणाच्या स्वतःच्या फोनपेवर कशाला? टेस्टला पासपोर्ट स्वतः घेऊन जा, दाखव, झेरॉक्स दे. आणि व्हिजा व्हिजिटचा निघाला तर विमानात बसू नकोस.

टेस्टला बहुतेक ६जी लावतात, पाईप ४५ अंशात फिक्स, रूट टिगनं आणि वर ७०१८. बघणारा आधी आतून टॉर्च मारून रूट बघतोय, खालच्या बाजूला आत ओढलेला दिसला की फेल. म्हणून टॅक मारल्यावर गॅप सगळीकडनं सारखा हाय का तपास, आणि टॅकची टोकं ग्राइंड करून पातळ कर, तिथंच फ्युजन राहून जातंय. ७०१८ ओव्हनमध्ये का ठेवतात विचारतील, तर ओल धरली की जोडात हायड्रोजन जातो आणि जोड नंतर तडकतो, एवढं सांग.

खानापूरकर_वेल्डर: आत्ता फोन केला. ते म्हणाले इंटरव्ह्यू हाय, पण बेळगावात आमचा कुणी नाही, आणि टेस्टला फी नाही, थेट या. पण काका, मेडिकलचे म्हणून ३ हजार त्याला मागच्या आठवड्यात दिलेत, ते परत मिळतील का?

जुना_फोरमन: स्क्रीनशॉट सगळे ठेव, डिलीट करू नको. मिळतील का ते सांगता येत नाही, पण पोलिसात द्यायला तेच लागतील.