उत्तर: प्रोजेक्ट क्लोजर ईमेलमध्ये बाकी रक्कम आणि सपोर्ट कसा लिहावा?

> "वेबसाइट सुपूर्द केली, शेवटचा हप्ता बाकी आहे. ईमेलमध्ये नेमकं काय लिहू?"

ईमेलमध्ये आधी सुपूर्द केलेल्या वस्तूंची यादी द्या. त्यात प्रत्येक गोष्ट कुठे ठेवली आहे आणि कोणत्या तारखेला दिली, तेवढं जोडा. पासवर्ड मात्र ईमेलमध्ये नकोत.

ही तारीख पैशांसाठी महत्त्वाची. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती सुपूर्दीच्या दिवसापासूनच मोजतात.

नुसतं "७०,८०० बाकी" लिहिलं की ६४,८०० जमा होतात आणि वाद सुरू होतो. म्हणून फोड करून लिहा: काम ६०,०००, जीएसटी १८% म्हणजे १०,८००, एकूण ७०,८००, १०% टीडीएस ६,००० (जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो फक्त ६०,००० वर), बँकेत येणार ६४,८००. सोबत बिल क्रमांक, देय तारीख आणि टीडीएस प्रमाणपत्राची मागणी.

"तीन महिने सपोर्ट" हे फार मोघम आहे. असं लिहा:

"५ मे ते २ ऑगस्ट (९० दिवस): मान्य केलेल्या कामातील दोष विनाशुल्क दुरुस्त करू. नवीन पानं, मजकूर बदल, होस्टिंगचं नूतनीकरण यात नाही. त्याचं वेगळं कोटेशन देऊ."

शेवटी एकच कृती मागा: "१२ मेपर्यंत 'काम स्वीकारले' एवढं उत्तर द्यावं." अकाउंट्सवाल्यांना सीसीमध्ये घ्यायला विसरू नका, बिल तिथेच अडकतं.