मदत हवी आहे: पावसात भिजलेले, दबलेले ग्लासवूलचे रोल वापरू का नको? आर व्हॅल्यू नक्की कशानं जाते?

शिरोली_फिटर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका शेडच्या पत्र्याखाली ग्लासवूल टाकायचं काम घेतलंय. ५० मिमी जाडी, २४ डेन्सिटी, एका बाजूला फॉइल, रोल १५ मीटर लांब नि १.२ मीटर रुंद, असे ४६ रोल जूनच्या पहिल्या आठवड्यात साइटवर आले. पत्रा यायला उशीर झाला म्हणून आम्ही रोल आडवे, एकावर एक सहा थर रचून, वरनं ताडपत्री टाकून अंगणातच ठेवले आणि तीन आठवडे तसेच राहिले, तेवढ्यात पाऊस लागला. आता उघडले तर वरचे चांगले आहेत पण खालच्या दोन थरांतले १६ रोल चेपलेत, काही ओले लागतात, पसरून एक दिवस झाला तरी फुगत नाहीत. मालकाचा इंजिनिअर म्हणतो आर व्हॅल्यू कमी पडणार, बदलून आणा. मला कळत नाही की वजन तेवढंच, लोकर तेवढीच, उलट दाबून घट्ट झालीय, मग उष्णता जास्त अडायला पाहिजे ना? सोळा रोलचा भुर्दंड माझ्याच अंगावर येतोय म्हणून विचारतोय, नीट सांगा.

पंचगंगा_काठ:
भावा काच पाणी शोषत नाही, ती काय कापूस हाय का. ऊन पडलं की दोन दिवस वाळव आणि टाक. कारखान्यातनं पण रोल दाबूनच पॅक करून येतात की, मग तेव्हा कुठं जाते आर व्हॅल्यू?

जुना_लॅगिंगवाला:
वर लिहिलंय त्यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो, या कामात माझी तीस वर्षं गेलीत.

उष्णता काच अडवत नाही, तंतूंच्या मधे अडकलेली हवा अडवते. ती हवा हलू नये एवढंच तंतूंचं काम. रोल दाबला की तंतू सगळे तिथंच राहतात पण मधली हवा बाहेर जाते. तुझ्या मालाचाच हिशेब कर. २४ डेन्सिटीचा के, म्हणजे माल उष्णता किती पुढं नेतो तो आकडा, जितका कमी तितका बरा, साधारण ०.०३६ धर (तुझ्या पिशवीवर छापलेला असेल तो घे), ५० मिमी म्हणजे ०.०५० भागिले ०.०३६, आर आला १.३९. आता तोच तुकडा ३२ मिमीवर बसला तर डेन्सिटी ३७ च्या आसपास जाते आणि के खरंच थोडा सुधारतो, ०.०३४ धरू, म्हणजे तुझं "घट्ट झालं की जास्त अडतं" हे इंचामागं बघितलं तर खरंय. पण ०.०३२ भागिले ०.०३४ केलं की येतात ०.९४. म्हणजे इंचाला चार पैशे कमावले आणि इंचच घालवले, एक तृतीयांश आर गेली.

पाण्याचं वेगळं. तंतू पाणी पीत नाही हे पंचगंगावाल्यांचं बरोबर, पण पाणी तंतूंच्या मधे धरून राहतं आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता पुढं नेतं. त्याहून वाईट म्हणजे पत्र्याखाली ते पाणी फिरत राहतं. दुपारी पत्रा तापला की वरच्या बाजूचं पाणी वाफ होऊन खाली फॉइलला जाऊन थंडावतं आणि सोबत नेलेली उष्णता तिथं सोडतं, रात्री पत्रा गार पडला की वाफ उलटी वर जाऊन पत्र्याला घाम येतो. फॉइलमधनं वाफ बाहेर पडत नाही, वरनं पत्रा, सुकणार कुठनं? पुढं पत्राही गंजतो.

कारखान्यातलं दाबणं सगळीकडनं सारखं असतं आणि माल कोरडा असतो, पिशवी फाडली की परत फुगतो. तुमच्याकडं तळाच्या रोलवर वरचे पाच थर, ते पण आडवे, त्यात ओल. ओल्या अवस्थेत दाबून राहिलं की तंतूंना धरणारा बाइंडर ढिला पडतो, मग स्प्रिंगसारखा उसळायची ताकदच राहत नाही.

अंदाजानं बोलण्यापेक्षा मोज. ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा काप, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. ५० मिमी, २४ डेन्सिटीचा कोरडा तुकडा साधारण १०८ ग्रॅम भरतो, फॉइलचे थोडे ग्रॅम वेगळे. जाडीसाठी सायकलची तार तुकड्यात सरळ खुपसून मोज, हातानं दाबून बघू नकोस. वरच्या, मधल्या, तळच्या थरातला एकेक तुकडा घे.

गुळ_गोडाऊन:
आमच्या गुळाच्या कोल्ड स्टोरेजच्या पफ पॅनेलला पण पावसाळ्यात बाहेरनं घाम येतोय, तो पण आर व्हॅल्यू गेल्यामुळंच का? पॅनेल आठ वर्षांचे आहेत.

जुना_लॅगिंगवाला:
दादा, तुमचा विषय वेगळा. घाम जॉइंटवरच येतोय का सगळीकडं ते बघा, जॉइंटवरच असेल तर सीलंट बघून घ्या. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

शिरोली_फिटर:
मोजलं काका. वरच्या थराचा तुकडा ११२ ग्रॅम, ४९ मिमी. मधला ११८ ग्रॅम, ४२ मिमी. तळाचा २६५ ग्रॅम, ३१ मिमी. म्हणजे तळाच्यात दीडशे ग्रॅम पाणीच झालं की एवढ्याशा तुकड्यात! तळाचा एक रोल आत शेडमधे फॉइल खाली, लोकर वर करून पसरला, पंखा लावला. तीन दिवसांनी तुकडा १२१ ग्रॅमवर आला पण जाडी ३६ च्या वर गेलीच नाही.

जुना_लॅगिंगवाला:
बघ, पाणी गेलं पण जाडी आली नाही. सुकवणं आणि फुगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळाचे १६ या छताला टाकू नकोस.

पंचगंगा_काठ:
हे मला म्हाईत नव्हतं, माझा सल्ला मागं घेतो. पण ४२ मिमीवाले मधले तरी चालतील का? १६ फेकायचे, वरनं तेही फेकायचे म्हणजे पोरगं मरंल.

जुना_लॅगिंगवाला:
मधले अजून दोन दिवस मोकळे पसरून परत मोज. ४७-४८ वर आले तर मी टाकीन. ४२ वरच राहिले तर मालकाला आकडे दाखवून विचार, स्टोअर रूमवर चालतील का ते. त्याला न सांगता टाकू नकोस.

साईट_इंजिनिअर_कागल:
मी काकांशी सहमत नाही. एकाच छतात दोन जाडीचा माल आला तर पुढं तक्रार आली की कुठं काय आहे कळत नाही. सगळा ५० चाच द्यावा. आणि फिटरलोक एक चूक हमखास करतात, लोकर खालून धरायला लावलेली जाळी इतकी ताणतात की लोकर पत्रा आणि जाळीमधे परत चेपते, नवा माल आणून पण ३० मिमीच मिळतो.

जुना_लॅगिंगवाला:
जाळीचं अगदी खरं. जाळीला पर्लिनच्या मधे थोडा झोळ सोड, म्हणजे लोकर पूर्ण फुगून बसेल. पर्लिनवर पत्रा आवळला की तिथं लोकर चेपणारच, स्पेसर टाकला तर तेवढंही वाचतं, पण त्याचे पैशे मालकाशी आधी बोल. फॉइलची बाजू खाली, शेडकडं, आणि दोन रोलच्या जोडावर फॉइल टेप सलग पाहिजे, नाहीतर आतली दमट हवा वर जाऊन पत्र्याला घाम फुटतो आणि नवा कोरडा मालही आतनं भिजतो.

नवा माल येईल तेव्हा जमिनीवर ठेवूच नकोस. लाकडी पॅलेट किंवा विटांवर फळ्या टाकून अर्धा फूट उंच, छपराखाली, रोल उभे ठेव, उभे नसतील राहात तर आडवे दोन थरांच्या वर नको. ताडपत्री घट्ट गुंडाळू नकोस, खालून वारा पाहिजे, नाहीतर जमिनीची वाफ आतच थंडावून माल भिजवते, तुमच्याकडं बहुतेक असंच झालंय कारण वरनं पाणी शिरल्याचं तू कुठं म्हणाला नाहीस. पिशवी फाटली की लगेच टेप लाव. आणि दिवसाला जेवढं बसवून वर पत्रा पडणार आहे तेवढेच रोल उघड, आपल्याकडं जुलैत चार वाजता आभाळ कधी फाटेल सांगता येत नाही.

शिरोली_फिटर:
मधले परत मोजले, ४६ वर आलेत, वजन ११३. ते कागलवाल्या साहेबांच्या म्हणण्याप्रमाणं बदलायचे का काकांच्या म्हणण्याप्रमाणं टाकायचे हे उद्या मालकाला काटा-तार घेऊन समोरच दाखवणार. तळाचे १६ बाजूला काढलेत. ज्यानं माल उतरवायला घाई केली त्यानं अर्धा खर्च उचलावा का, यावर कुणाला अनुभव असेल तर सांगा, पत्रा येणार नव्हता हे आधी माहीत असतं तर मी माल मागवलाच नसता.