पावसात बँकेच्या शाखेची उपग्रह जोडणी बंद पडते, तर बीयूसी बदलायचा का?

सीताबर्डीकर: दुर्गम शाखांना ४ वॅटचे बीयूसी, म्हणजे डिशवरून सिग्नल वर पाठवणारे ट्रान्समीटर, देणं ही पैशाची नासाडी. उपग्रहावरच्या ट्रान्सपॉन्डरपर्यंत सिग्नल पोचला की तो तिथून ताजा होऊन खाली येतो. शाखेच्या मोडेमवर सिग्नल चांगला दिसतो, मग पावसाचं निमित्त कशाला?

एनओसी_नागपूर: ताजा होत नाही भाऊ, याच समजुतीचा राग येतो! आपला कॅरिअर सिग्नल १४२५० मेगाहर्ट्झवर वर जातो, ट्रान्सपॉन्डर त्यातून ठरलेले २८०० वजा करतो आणि ११४५० वर वाढवून खाली सोडतो. डिमॉड्युलेशन, म्हणजे सिग्नल उलगडून आतला डेटा काढणं, तिथे होतच नाही. वर जमलेला गोंगाटही सिग्नलसोबत खाली येतो.

गडचिरोलीकडची एक शाखा घ्या. १.२ मीटरची डिश, २ वॅटचा बीयूसी. आभाळ मोकळं असताना अपलिंकचा सी/एन, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, १८ डीबी, मुख्य केंद्राकडे म्हणजे हबकडे उतरताना १४, दोन्ही मिळून साडेबारा. शाखेवर पावसाने ६ डीबी खाल्ले की अपलिंक १२ वर येतो. उपग्रहातून निघणारी पॉवरही तेवढीच घटते, म्हणून उतरतीचा ८ होतो. हाती उरतात साडेसहा. हबला ६ लागत असतील तर आणखी एका डीबीत शाखा गेली.

मोडेमवर तुम्ही बघता तो हबकडून येणारा सिग्नल. तो ११ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि तिथे पाऊस १४ पेक्षा कमी खातो. शाखेला ऐकू येतं, पण हबला शाखा ऐकू येत नाही.

शाखाधिकारी_एटापल्ली: आमच्याकडे तर पाऊस थांबल्यावरही दुपारपर्यंत बंद असते. मजुरीचे पैसे काढायला आलेली माणसं ओट्यावर बसून राहतात. हे कोणत्या गणितात बसतं?

एनओसी_नागपूर: हे पावसाच्या फेडिंगचं नाही. ते पाऊस ओसरला की काही मिनिटांत सावरतं. उन्हं पडल्यावर सुरू होत असेल तर कनेक्टरात पाणी शिरलंय, नाहीतर फीडचं झाकण फाटलंय.

शाखाधिकारी_एटापल्ली: एजन्सीचा माणूस दरवेळी मोडेम बदलून जातो! छतावर चढतच नाही.

छतावरचा: चढतो ना राजेहो, पण शिडी शाखेत नसते. कनेक्टर उघडा, आत हिरवट दिसलं तर तो कापून नवा लावा आणि वरून रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते.

शाखाधिकारी_एटापल्ली: शिडी आम्ही आणायची? करारात देखभाल कोणाकडे आहे ते वाचा आधी!

सीताबर्डीकर: शिडीचं भांडण बाजूला ठेवा. अपलिंकचं मानलं, पण ४ वॅटने मिळतात ३ डीबीच. १.८ मीटरची डिश साडेतीन देते, तेही पाठवताना आणि घेताना दोन्हीकडे.

छतावरचा: आणि वादळात तिचं तोंड फिरलं की? जुन्या स्लॅबवर ती धरत नाही.

एनओसी_नागपूर: स्लॅब पक्का असेल तर डिशच घ्या, माझी हरकत नाही. पण आत्ताचा बीयूसी कोरड्या दिवशीच पूर्ण पॉवरवर चालतोय का, ते आधी मोडेमवर बघा. तसा असेल तर पावसात वाढवायला काही उरतच नाही.

सीताबर्डीकर: बघतो. ४ वॅटला मात्र अजूनही विरोधच.