चुकीच्या x चे गुण एकदाच कापा

"पायऱ्यांप्रमाणे गुण वाटून दिले तरी दोन शिक्षकांची बेरीज जुळत नाही."

घोळ बहुतेकदा पहिली चूक पुढच्या पायऱ्यांत उतरते तिथे होतो. 4x + 3y = 6 आणि 2x − 3y = 12 हे 3 गुणांचं उदाहरण घ्या. बेरजेने 6x = 18 आलं की 1, x = 3 ला अर्धा, ती किंमत समीकरणात ठेवली की 1, y = −2 ला अर्धा. मुलाने x = 2 काढून पुढे बिनचूक सोडवत y = −2/3 आणलं, तर अर्धाच गुण जावा. हे उत्तरसूचीत आधीच लिहा.

काठिण्य वाढवायला मोठे आकडे मात्र नकोत; त्यात गुणाकार तपासला जातो, समीकरण नाही. दुसरं समीकरण 2x + 3y = 0 करा. उत्तर तेच येतं, पण वजाबाकीत चिन्हं बदलावी लागतात आणि कच्ची मुलं नेमकी तिथे अडकतात.