कापलेल्या लाल भोपळ्यावर काळे ठिपके आणि पांढरी लव, ठेवू की टाकू?

घारगेप्रेमी:
मंडळी, लवकर सांगा, कणीक मळायची थांबली आहे. बाजारातून लाल भोपळ्याची मोठी फोड आणली होती, किलोभर असेल. अर्धी वापरली, उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. त्याला साधारण आठवडा झाला. आज काढली तर बियांच्या जाळीत पांढरी लव आणि कापलेल्या बाजूला मोहरीएवढे चार-पाच काळे ठिपके. शिवाय एका कडेला पांढरट खवले दिसताहेत. गर हाताला घट्ट लागतो, वासही येत नाही. सासूबाई म्हणतात, वरचं काढ आणि घारग्यांना घे. नवरा म्हणतो, टाक. घरात सात महिन्यांची गरोदर जाऊ आहे, म्हणून विचारतेय.

बंड्या_नाशिककर:
सासूबाईंचं ऐका. घारग्यांसाठी भोपळा गुळात शिजतो, मग पुरी तळली जाते. एवढ्या उष्णतेत बुरशीचा बापही जिवंत राहत नाही. उगाच अन्न टाकायचं नाही.

शीतकपाट:
अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. बंड्याभाऊ, बुरशी मरते हे खरं. पण काही बुरशी वाढताना विष सोडतात आणि त्यातली बरीच शिजवून किंवा तळून जात नाहीत. शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजल्यावर थोडं कमी होतं, संपत नाही. या फोडीत असलं काही आहे असा माझा दावा नाही. डोळ्यांनी ते कळत नाही, एवढंच.

घारगेप्रेमी, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

खवल्यांवर ओलं बोट फिरवा. भोपळा कापला की त्यातून रसाचे थेंब वर येतात आणि वाळून पांढरट कवच होतं. ते पाण्याने विरघळून बोटाला चिकट लागेल. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही.

काळे ठिपके ओल्या कागदाने पुसा. राखाडी-हिरवी भुकटी कागदावर आली तर ती बुरशी. काहीच आलं नाही तर सुरीच्या टोकाने खरवडून खाली पाहा. खाली लगेच घट्ट केशरी गर लागला तर प्रकार वरवरचा आहे. खालचा गर पाणीदार, तपकिरी किंवा मऊ निघाला तर सड आत गेली.

जाळीतल्या लवेला मात्र तपासणी नको, ती बुरशीच. जाळी सगळ्यात ओली असते, त्यामुळे कापलेला भोपळा तिथूनच बिघडायला लागतो. आणि नाक जवळ नेऊन वास घेऊ नका. बीजकण नाकात जातात, दमेकऱ्याला त्याचा त्रास होतो.

रानभाजी_रमा:
माझ्याकडे मागे दुधी कडू निघाला होता, थोडा खाल्ला आणि रात्रभर उलट्या. तुमचा भोपळाही आधी चाखून बघा, कडू नसेल तर खुशाल खा.

शीतकपाट:
रमाताई, ते प्रकरण वेगळं. कडूपणा दुधी-भोपळ्याच्या स्वतःच्या कुकुर्बिटासिनमुळे येतो, त्याचा बुरशीशी संबंध नाही. कडू दुधी थुंकून टाकावा हे बरोबरच. पण बुरशीचं विष कडू लागेलच असं नाही, त्यामुळे इथे चाखून काही कळणार नाही. बुरशी लागलेला तुकडा तर चाखूच नये.

घारगेप्रेमी:
पुसून पाहिलं. खवले विरघळले, चिकट आहेत. ठिपक्यांपैकी दोघांची काळपट भुकटी कागदावर आली. बाकीचे पुसले गेले नाहीत, पण खरवडल्यावर खाली घट्ट केशरीच आहे. जाळी काढली तर तिच्याखाली एका जागी रुपयाएवढा भाग ओलसर आणि मऊ. आता?

शीतकपाट:
घट्ट भाजीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम प्रयोगशाळेत आम्हीही वापरायचो. बुरशीच्या डागाभोवती आणि डागाखाली निदान एक इंच, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढं, कापून टाकायचं. सुरी बुरशीला लागू द्यायची नाही, नाहीतर तीच बुरशी स्वच्छ भागावर जाते. कोबी, गाजर, भोपळी मिरचीला हे चालतं. काकडी, टोमॅटोसारख्या पाणीदार भाजीला चालत नाही, कारण तिथे तंतू दिसण्याआधीच खोल जातात.

आता तुमचा हिशेब. गर किती जाड आहे?

घारगेप्रेमी:
दोन इंचांच्या आतच. सालीकडे थोडा कमी.

शीतकपाट:
मग आतल्या बाजूचा मऊ भाग धरून एक इंच, कापलेल्या बाजूने एक इंच. उरलं काय? सालीलगतची पट्टी. अख्खा अर्धा भोपळा असता आणि एका टोकाला एकच डाग असता, तर मी कापून उरलेला वापरा म्हटलं असतं. इथे टाका. गरोदर बाई घरात असताना पट्टीभर गरासाठी वाद घालू नये.

बंड्या_नाशिककर:
बरं, विषाचा मुद्दा मान्य. पण आमच्याकडे आयुष्यभर डाग काढून भाजी केली आणि कुणाला काही झालं नाही.

शीतकपाट:
बहुतेक वेळा होतही नाही. एका जेवणाने काही होईल असं मीही म्हणत नाही. पण एक इंच हा आकडा घट्ट भाज्यांना सरसकट लावलेला आहे. भोपळ्याचा गर गाजराइतका घट्ट धरावा का, यावर आमच्यातही वाद होत असे.

विदर्भाची_ठेच:
आमच्याकडे कोहळं कापलं की जाळी-बिया लगेच काढतो, मग फोड कागदात गुंडाळून ठेवतो. जाळीसकट कधीच नाही. अख्खं असेल तर फ्रिज नको, माळ्यावर दोन महिने टिकतं.

शीतकपाट:
बरोबर. अख्ख्या भोपळ्याला दहा अंशांखालची थंडी मानवत नाही. साल खड्डेदार होते आणि तिथूनच काळी सड धरते. कापल्यावर मात्र फ्रिजशिवाय इलाज नाही. जाळी काढायची, कापलेली बाजू कोरडी पुसायची, चार-पाच दिवसांत संपवायची. फोडी करून डब्यात ठेवल्या आणि एका फोडीवर लव दिसली, तर अख्खा डबा टाकावा लागतो. फोडी एकमेकींना चिकटलेल्या असतात, डाग कुठवर गेला ते सांगता येत नाही.

पुणेरी_पाटी:
टाकायचा म्हणजे कचऱ्यात? गाईला दिला तर? आमच्या गल्लीत गाय येते.

शीतकपाट:
गाईला अजिबात देऊ नका. बुरशी लागलेली रताळी खाऊन गुरांची फुप्फुसं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. भोपळ्याचं तसं मी ऐकलेलं नाही, पण गाईवर प्रयोग कशाला? ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात मातीखाली.

घारगेप्रेमी:
टाकला. सासूबाई म्हणतात, बाजारातून मोठी फोड आणलीस हीच चूक. कणीक मळली आहे, आता केळ्याचे घारगे करते. आणि तो पंचा, ज्यावर फोड ठेवली होती, तो नुसता धुतला तर चालेल का?

विदर्भाची_ठेच:
गरम पाण्यात साबणाने धुवा, उन्हात वाळवा. फ्रिजचा तो कप्पाही पुसून घ्या, सोड्याचं पाणी चालेल.

रानभाजी_रमा:
कोबीच्या पांढऱ्या देठावर मिरपुडीसारखे काळे ठिपके येतात, ते पण बुरशीच का? माझ्या कोबीत आतल्या पानांपर्यंत आहेत.

शीतकपाट:
पुसून जात नसतील, लव नसेल आणि पान कडक असेल तर बहुधा नाही. जास्त खत आणि थंड साठवण यामुळे कोबीला तसे ठिपके येतात, ते खाता येतात. पण ठिपक्याभोवती पान पिवळं किंवा बुळबुळीत असेल तर ती पानं काढून टाका. फोटो असला तर टाका, नुसत्या वर्णनावरून मी पैज लावणार नाही.