'सॉरी फॉर युअर लॉस' मराठीत कसं लिहावं?

पाऊलवाट
आमच्या स्टोअरमधले एक सहकारी आहेत, पन्नाशी ओलांडलेले, लातूरकडचे. त्यांच्या आई वारल्या आणि ते गावी गेलेत. आमचे मॅनेजर चेन्नईचे. त्यांनी इंग्रजीत चार ओळी लिहून माझ्याकडे पाठवल्या आणि 'हे मराठीत करून त्यांना फोनवर पाठव' म्हणाले. मूळ मजकूर असा:

'आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस. प्लीज ॲक्सेप्ट माय हार्टफेल्ट कन्डोलन्सेस ऑन द पासिंग ऑफ युअर मदर. यू अँड युअर फॅमिली आर इन माय थॉट्स अँड प्रेअर्स. टेक ऑल द टाइम यू नीड, अँड लेट मी नो इफ देअर इज एनिथिंग आय कॅन डू.'

मी केलेलं मराठी:

'तुमच्या नुकसानीबद्दल मला खेद आहे. आपल्या मातोश्रींच्या निधनाबद्दल माझ्या हार्दिक संवेदना स्वीकाराव्यात. आपण आणि आपले कुटुंब माझ्या विचारांत व प्रार्थनांत आहात. आपल्याला हवा तेवढा वेळ घ्यावा आणि माझ्याकडून काही होण्यासारखे असल्यास कळवावे.'

एकही शब्द सोडलेला नाही, पण वाचून मलाच परकं वाटतंय. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय.

तिरकस
'नुकसानी' म्हटलं की पुढे तलाठी, पंचनामा आणि भरपाई. आणि 'हार्दिक' वाचून डोळे आपोआप 'शुभेच्छा' शोधतात. हे दोन तरी आधी काढा.

चौकट
मी फलकांची कामं करतो. असा मजकूर तयार असतो, कॉपी करा: 'दुःखद निधन. कै. मातोश्री … यांना भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. शोकाकुल : समस्त स्टोअर परिवार.' फोटो पाठवलात तर चौकटीत बसवून देतो.

जुनी पेटी
चौकट, तुम्ही दिलंय ते गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. श्रद्धांजली मृताला वाहतात. इथे बोलायचंय मागे राहिलेल्या मुलाशी.

पाऊलवाट, तुमचं अडतंय ते 'सॉरी'पाशी. इंग्रजीत त्या शब्दाला दोन कामं आहेत, चूक कबूल करणं आणि दुःखी असणं. दुसरा अर्थ जुना. जुन्या इंग्रजीत तो 'सारिग' होता, दुखरा, व्यथित अशा अर्थाचा. आपल्या 'दिलगीर'चंही तेच झालंय. फारसीतून आलेला शब्द, आणि मोल्सवर्थचा कोश त्याचा अर्थ उदास, खिन्न असाच देतो. आज मात्र तो स्टेशनवर गाडी उशिरा येणार असली की ऐकू येतो. 'खेद'ही त्याच वाटेने परिपत्रकात जाऊन बसला. त्यामुळे दुःखाच्या घरी हे दोन्ही शब्द आज चालत नाहीत. तिथे आपण काय म्हणतो? 'ऐकून फार वाईट वाटलं.' एवढंच.

आणखी एक. इंग्रजी मजकुरात 'मी' आणि 'माझे' किती वेळा येतंय बघा. मराठीत सांत्वन बातमीपासून सुरू होतं: 'आई गेल्याचं कळलं.' कोणाला कळलं हे सांगावं लागत नाही. 'वाईट वाटलं' यातही 'मला' लागत नाही. तुमच्या मजकुरातले 'मला' आणि 'माझ्या' काढलेत तरी अर्धा परकेपणा जाईल.

शुद्धमती
'संवेदना' हा सरळसरळ हिंदीचा प्रभाव. मराठीत संवेदना म्हणजे बोट पोळल्यावर जे कळतं ते. योग्य शब्द सांत्वन. म्हणून 'आमचे सांत्वन स्वीकारावे' असं लिहा.

जुनी पेटी
पहिलं बरोबर, फार तर 'सहवेदना' म्हणता येईल. दुसरं पटत नाही. सांत्वन करतात, सांत्वनाला जातात, कोणी कोणाचं सांत्वन 'स्वीकारत' नाही. इंग्रजीत 'कन्डोलन्सेस' ही हातात ठेवण्याची वस्तू आहे, म्हणून 'ॲक्सेप्ट' म्हणता येतं. मराठीत ते वाक्य उचलून आणायचं कशाला? त्याच जागी आपल्याकडे 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' आहेच.

तिरकस
ते वाक्य सतरा शोकसभांत झिजलंय.

जुनी पेटी
झिजलंय, मान्य. पण अशा वेळी नवं वाक्य रचायला गेलं की वाचणाऱ्याचं लक्ष आपल्या लिहिण्याकडे जातं. झिजलेलं वाक्य टोचत नाही.

लातूरचा पाव्हणा
आमच्याकडं 'मातोश्री' म्हणलं की निवडणुकीचा फलक आठवतो. साधं 'आई गेल्याचं कळलं' लिहा. आणि 'आपण', 'आपले' काढून टाका की. रोज एका टेबलावर चहा पिणाऱ्याला 'आपले कुटुंब' म्हणलं की त्याला वाटंल साहेबानं नोटीस काढली. तुम्ही त्यांना रोज काय म्हणता?

पाऊलवाट
दादा. आणि 'तुम्ही'.

लातूरचा पाव्हणा
मग सुरुवात 'दादा'नंच करा. आणि एक विचारतो, राग मानू नका. ते कोणत्या घरचे? चौकटभाऊंनी 'कै.' आणि 'मृतात्मा' लिहिलंय ते सगळीकडं चालत नाही.

पाऊलवाट
बौद्ध आहेत. त्यांच्या घराच्या वास्तूला आम्ही गेलो होतो तेव्हा बुद्धवंदना झाली होती.

लातूरचा पाव्हणा
तर मग 'कै.', 'स्वर्गवासी', 'ईश्वर', 'आत्म्यास शांती' हे सगळं बाजूला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही हेही आहे. बुद्धाच्या शिकवणीत कायमचा आत्माच नाही, मग शांती कुणाला मागायची? आमच्यात नावामागं 'कालकथित' लिहितात, पुष्कळ जण 'श्रद्धांजली'ऐवजी 'आदरांजली' म्हणतात. पुढचा कार्यक्रम असतो तो पुण्यानुमोदन. 'तेराव्याला येतो' असं चुकूनही लिहू नका. लोक मुद्दाम करत नाहीत हे कळतं, पण त्या दिवसांत असं वाचलं की लागतं.

चौकट
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे मुस्लिम घराला 'पैगंबरवासी' आणि ख्रिस्ती घराला 'ख्रिस्तवासी' लिहून देतो, पण 'कालकथित' कोणी सांगितल्याशिवाय घालत नाही. आता विचारून घेईन.

शुद्धमती
मग 'कालकथित आई' असं लिहायचं का?

लातूरचा पाव्हणा
नाही हो. ते बातमीत, पत्रिकेत. मुलाशी बोलताना आई ती आईच.

पाऊलवाट
मग 'थॉट्स अँड प्रेअर्स'चं काय करू? मॅनेजर ख्रिस्ती आहेत, ते खरंच प्रार्थना करत असतील.

जुनी पेटी
ते करत असतील आणि त्यांनी ते स्वतः म्हटलं तर शोभेलही. पण इंग्रजीत ही जोडी आता निम्मी सवयीची झालीय, आणि मराठी करताना सवयीच्या शब्दाचं खरं काम काय हे बघावं लागतं. इथलं काम एवढंच की 'तुम्ही तिकडे असलात तरी आमच्या मनात आहात'. त्यासाठी 'सकाळपासून तुमचाच विचार मनात येतोय' म्हणता येईल. 'विचारांत आहात' नको. मराठीत माणूस विचारांत असतो तेव्हा तो स्वतः विचार करत बसलेला असतो!

सुगरण
माझं थोडं वेगळं. गेल्या वर्षी माझे वडील गेले तेव्हा 'काही लागलं तर सांग' असे ढीगभर निरोप आले. मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगणार काय? काय लागतंय हे त्या दिवसांत कळतच नाही. एकीने मात्र लिहिलं होतं, 'तुझं रिटर्न मी भरून टाकलंय, पावती मेलवर आहे.' ते वाचून पहिल्यांदा हायसं वाटलं. तुमच्या दादांचं काही काम अडकलंय का, ते लिहा.

पाऊलवाट
महिनाअखेरची स्टॉकमोजणी त्यांच्याकडे असते. ती आम्ही दोघं करतोय.

सुगरण
मग तेच लिहा. आणि 'हवा तेवढा वेळ घ्या' नको. ते रजा मंजूर केल्यासारखं वाटतं.

तिरकस
साहेबांना तेच म्हणायचं असेल तर? रजा मंजूर करणारा माणूस 'वेळ घ्या' म्हणाला, तर ऐकणाऱ्याला खरंच आधार वाटतो. तेच तुम्ही म्हटलंत तर ते आगाऊपणाचं. मूळ प्रश्न हा आहे की निरोप कोणाचा. इंग्रजीत 'आय' म्हणजे मॅनेजर. तुम्ही सगळे त्याचं 'आम्ही' करून टाकताय. हे भाषांतर राहिलं का?

जुनी पेटी
मुद्दा रास्त आहे. साहेबांच्या नावाने जाणार असेल तर 'आम्ही' नको, आणि 'दादा'ही नको. ते त्यांना 'दादा' म्हणत नसणार.

पाऊलवाट
आत्ताच विचारलं. म्हणाले, सगळ्यांकडून पाठव, पण रजेचं माझ्या नावाने सांग.

मग असं केलंय:

'दादा, आई गेल्याचं आज कळलं. ऐकून फार वाईट वाटलं. तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. सकाळपासून तुमचाच विचार मनात येतोय. स्टॉकमोजणीचं आम्ही दोघं बघतोय, त्याची काळजी करू नका. रजेचंही मनात आणू नका, हवे तितके दिवस घरी थांबा, असं साहेबांनी आवर्जून सांगायला सांगितलंय. घरच्यांना सांभाळा, स्वतःलाही जपा. काही लागलं तर हक्काने फोन करा.'

शुद्धमती
आशय उत्तम. पण लिहिताना 'वाटले', 'कळले' हवं. 'वाटलं' हे बोलण्यातलं. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे ती रूपं पात्रांच्या तोंडच्या वाक्यांत, एरवी एकारान्तच.

सुगरण
फोनवरचा निरोप हे बोलणंच आहे ना? 'ऐकून फार वाईट वाटले' वाचलं की शाळेतलं पत्रलेखन आठवतं, पाच गुणांचं.

शुद्धमती
आमच्या पिढीला 'वाटलं' लिहिलेलं पाहिलं की घाईघाईत लिहिल्यासारखं वाटतं. दादाही पन्नाशीचे आहेत, त्यांना काय वाटेल ते बघा.

लातूरचा पाव्हणा
ते तुम्हाला फोनवर स्वतः कसं लिहितात ते वर जाऊन बघा आणि तसंच लिहा.

कोकणमेवा
उशिरा आलो. मजकुरात 'येतो', 'भेटू' काही नाही ना? दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तसंच निरोपातही लिहू नये. आमच्याकडे पत्राच्या डोक्यावर 'श्री'सुद्धा घालत नसत.

जुनी पेटी
निघताना म्हणत नाहीत हे खरं, तिथे 'येतो' म्हणजे पुन्हा अशाच प्रसंगाला येणं. पण 'रविवारी भेटायला येतो' हे वेगळं. ते आलेलं हवंच असतं.

कोकणमेवा
आमच्या घरी तेही लिहिलं नसतं. न सांगता जायचं.

पाऊलवाट
यात 'येतो' कुठेच नाही, त्यामुळे वाचलो. दादांचे जुने निरोप पाहिले. ते 'झालं', 'मिळालं' असंच लिहितात, म्हणून 'वाटलं'च ठेवलं. 'सकाळपासून'चं वाक्य काढलं, सगळ्यांच्या नावाने ते खरं वाटेना. खाली आमची नावं लिहिलीत, साहेबांचं शेवटी. पाठवलंय.

तिरकस
साहेबांचं शेवटी? चेन्नईला समजावून सांगा.