मदत हवी आहे: 1/(x(ln x)²) ची तुलना कशाशी करू?

ठाण्यात एफवायबीएससीच्या मुलांना कम्पॅरिझन टेस्ट शिकवतोय. 2 ते ∞ पर्यंत 1/(x(ln x)²) या इंटिग्रलवर गाडी अडली आहे. u = ln x घेतलं की उत्तर 1/ln 2 येतं, म्हणजे कन्व्हर्ज होतं. पण मला तुलनेनेच दाखवायचंय.

e च्या पुढे हे फंक्शन 1/x पेक्षा लहान आहे, पण 1/x चं इंटिग्रल डायव्हर्ज होतं, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. मुलं मग 1/x^1.1 घेतात. x = 3 पासून कॅल्क्युलेटरवर कितीही पुढे गेलं तरी आपलं फंक्शन लहानच दिसतं, आणि मुलं खूश! खरं तर ln x = 90 च्या आसपास, म्हणजे x साधारण 10^39 झाल्यावर, ते मोठं होतं आणि मोठंच राहतं. p > 1 कुठलाही घेतला तरी शेवटी हेच होणार, कारण x^(p−1) कधीतरी (ln x)² ला मागे टाकतंच. उत्तर बरोबर, कारण चूक.

सध्या 2^k ते 2^(k+1) असे तुकडे पाडतोय. तिथे x ≥ 2^k, म्हणून फंक्शन जास्तीत जास्त 1/(2^k k²(ln 2)²). तुकड्याची लांबी 2^k, म्हणून प्रत्येक तुकडा 1/(k²(ln 2)²) च्या आत बसतो, आणि 1/k² ची बेरीज मर्यादित आहे.

पेपरात ही मांडणी 'तुलना' म्हणून चालेल का? की सबस्टिट्यूशन न करता याहून सरळ वाट आहे?